रात्रीचा भात, दुपारचा डबा : रोवणीच्या दिवसांतल्या एका सभेचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, मौदा-कुही पट्ट्यातलं हे गाव. इथलं मुख्य पीक धान. गावाचं आणि बायांचं नाव मुद्दाम देत नाही. गावात बरेच महिला बचत गट आहेत, त्यांचा मिळून एक ग्रामसंघ आहे आणि त्याच्या बैठका समाजमंदिरात होतात. मी या गटांबरोबर काम करते. खाली लिहिलेल्या सभेची जुळवाजुळव माझ्याकडे होती, भाषण मात्र नागपूरहून आलेल्या, गृहविज्ञान शिकवलेल्या एका मॅडमचं होतं.

जुलैत पाऊस जमला की रोवणी सुरू होते. बाया सकाळी सात-साडेसातला घर सोडतात, डबे बांधावरच्या झाडाखाली ठेवतात आणि दुपारपर्यंत चिखलात वाकून पऱ्हे लावतात. जेवायची सुट्टी एकच्या पुढे होते. त्या सुट्टीची वेळ बाया ठरवत नाहीत, वावराचा मालक ठरवतो.

अशाच एका दिवशी अकरा जणींच्या टोळीतल्या चौघींना दुपारी तीनच्या सुमाराला एकदम मळमळायला लागलं आणि लगेच उलट्या सुरू झाल्या. ताप कुणालाच नव्हता. एकीला प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाईन लावावं लागलं, बाकीच्या रात्रीपर्यंत सावरल्या. चौघींची त्या दिवसाची अर्धी आणि दुसऱ्या दिवसाची पूर्ण मजुरी बुडाली. गावात कुणी म्हणालं पित्त खवळलं, कुणी म्हणालं पाणी बाधलं.

गावातल्या आशाताईंनी त्या संध्याकाळी घरोघरी जाऊन एकच गोष्ट विचारली, काय खाल्लं आणि ते कधी रांधलं होतं. पाणी अकराही जणींनी एकाच कॅनमधलं प्यायलं होतं. आजारी पडलेल्यांपैकी तिघींच्या डब्यात आदल्या रात्रीचा भात होता, सकाळी फोडणी देऊन आणलेला. चौथीने स्वतःची भाकरी आणली होती, पण शेजारणीच्या डब्यातला तोच फोडणीचा भात वाटून खाल्ला होता. उरलेल्या सात जणींनी पोळी-भाकरी आणि भाजी खाल्ली होती, त्यांना काही झालं नाही. आणि तोच भात रात्री आठ वाजता गरमागरम खाल्लेली घरची माणसं ठणठणीत होती.

अन्नाचा नमुना तपासायला गेला नाही, त्यामुळे प्रयोगशाळेचा पुरावा या प्रकरणात नाही. पण पाणी सगळ्यांचं सारखं, भात चौघींचाच, जेवणानंतर दोन तासांत उलट्या आणि ताप नाही, हे चित्र एका ओळखीच्या विषबाधेशी जुळतं. म्हणूनच ग्रामसंघाच्या अध्यक्षांनी पुढच्या बैठकीत या विषयावर कुणाला तरी बोलवा, असा आग्रह धरला.

अडचण

बॅसिलस सेरिअस नावाचा जिवाणू मातीत असतो, धानावर असतो आणि म्हणून तांदळातही असतो. तांदूळ कितीही धुतला तरी तो पूर्ण जात नाही. भात शिजताना जिवंत जिवाणू मरतात, पण त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. भात कोमट होऊ लागला की हे बीजाणू जागे होतात आणि वाढताना भातातच एक विष तयार करतात. ते विष इतकं चिवट असतं की फोडणी दिली, परतलं, पुन्हा वाफ काढली, तरी नष्ट होत नाही. त्याला वास नसतो आणि त्याने चव बदलत नाही. पोटात गेल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत कधीही उलट्या सुरू होतात.

इथे घराघरांतला एक पक्का समज आड येतो. ‘गरम केलं की सगळं मरतं’ ही गोष्ट दुधाच्या आणि पाण्याच्या अनुभवातून आलेली आहे आणि तिथे ती बरीचशी खरीही आहे. भाताच्या बाबतीत मात्र सकाळच्या फोडणीने भात सुरक्षित झाला असं वाटतं आणि तो आणखी पाच-सहा तास डब्यात राहतो. आठ वाजता रांधलेला भात दुसऱ्या दिवशी एक वाजता खाल्ला, म्हणजे तो सतरा तास जुना झाला, आणि त्यातला बहुतेक काळ तो धड गरम नव्हता, धड थंडही नव्हता.

दुसरी अडचण हवेची. नागपूरकडच्या बाया उन्हाळ्यात अन्न सांभाळण्यात पटाईत असतात. भांडं पाण्याच्या परातीत ठेवायचं, वरून ओलं फडकं गुंडाळायचं, माठाजवळ ठेवायचं. ही युक्ती मे महिन्यात चालते, कारण कोरड्या हवेत फडक्यातलं पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना भांड्यातली उष्णता घेऊन जातं. बाहेर 43 अंश असताना ओलं फडकं 25 अंशांच्या आसपास येऊ शकतं. जुलैत पारा 29-30 वर असतो, पण हवा आधीच पाण्याने भरलेली असते, फडकं सुकतच नाही आणि गारवा दोन-तीन अंशांच्या पुढे जात नाही. बायांना पावसाळ्यात हवा ‘थंड’ वाटते आणि उन्हाळ्याची तीच युक्ती त्या विश्वासाने वापरतात. अन्नासाठी मात्र 29 अंश म्हणजे उबच.

कोणते पर्याय समोर होते

सभेला वेळ मिळणार होता पाऊण तास, तोही पावसाची उघडीप नसलेल्या दिवशी, म्हणजे कामं बंद असताना. त्यात काय बोलायचं यावर मॅडम, आशाताई, अध्यक्षा आणि मी असं आमचं बरंच बोलणं झालं.

पहिला पर्याय नेहमीच्या पावसाळी भाषणाचा होता. पाणी उकळा, हात धुवा, माशा बसू देऊ नका, ओआरएस घ्या. यातलं काहीच चुकीचं नाही आणि कावीळ, हगवण यांच्यासाठी हेच सांगावं लागतं. पण या चौघींचं दुखणं यातल्या कशानेही टळलं नसतं. त्यांनी हात धुतले असते, पाणी उकळलं असतं, डबा घट्ट झाकला असता, तरीही त्या आजारी पडल्या असत्या. हे भाषण ऐकून बाया ‘हे तर आम्ही करतोच’ म्हणाल्या असत्या आणि भाताचा प्रश्न तसाच राहिला असता.

दुसरा पर्याय सरळ ‘शिळं खाऊ नका, उरलं तर फ्रीजमध्ये ठेवा’ असं सांगण्याचा होता. याला अध्यक्षांनीच विरोध केला. त्यांचं म्हणणं असं, की निम्म्या घरांत फ्रीज नाही, ज्यांच्याकडे आहे तिथे वारा-पाऊस आला की लाईन जाते, आणि अन्न फेकायला कुणाचा हात धजत नाही. शिळं कोण खातं हेही त्यांनी बोलून दाखवलं. पोरांना आणि घरधन्याला ताजं वाढलं जातं, उरलेलं बाईच्या डब्यात जातं. त्यामुळे ‘शिळं खाऊ नका’ हे वाक्य ऐकणाऱ्या बाईला सल्ल्यापेक्षा ठपक्यासारखं लागतं. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटला. ती भात हौसेने नेत नाही.

तिसरा पर्याय होता एकच विषय घ्यायचा, रांधल्यापासून खाईपर्यंतचा वेळ, आणि तो डोळ्यांसमोर दाखवायचा. यात पाणी आणि हात हे विषय मागे पडणार होते. भर पावसाळ्यात ते मागे ठेवणं आशाताईंना पटत नव्हतं. शेवटी असं ठरलं, की पाण्याचं आणि ओआरएसचं त्या गृहभेटींत सांगतील, कारण ते त्या एरवीही करतातच, आणि सभा पूर्ण भातावर राहील.

सभेत काय झालं

दुपारी बारा वाजता समाजमंदिराच्या मागे दोन किलो तांदळाचा भात शिजवला. अर्धा तसाच गंजात ठेवून झाकण लावलं. उरलेला परातीत दोन बोटं उंचीचा पसरला आणि वर पातळ फडकं टाकलं. सभा दोन वाजता सुरू झाली, तेव्हा मॅडमनी अन्नात खुपसायचा थर्मामीटर आधी परातीत घातला, आकडा आला 31. मग गंजाच्या मधोमध घातला, आला 58. आकडे त्यांनी स्वतः वाचले नाहीत, पुढे बसलेल्या दोघींना वाचायला लावले.

मग त्या म्हणाल्या, “60 च्या वर अन्न गरम आहे, त्यात जंतू वाढत नाहीत. 5 च्या खाली थंड आहे, तिथे वाढ जवळजवळ थांबते. मधली सगळी जागा त्यांची. तुमचा गंज आत्ताच त्या जागेत उतरला. रात्री आठला उतरवलेला भात दहा वाजता त्यांच्या हद्दीत आला, आणि सकाळपर्यंत तिथेच राहिला. झाकण लावलं म्हणून माशी बसली नाही, पण आतली ऊबही गेली नाही.”

त्यानंतर त्यांनी एका थाळीत तांदळाचा एक दाणा ठेवला. अनुकूल उबेत जिवाणू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात, तर दर वीस मिनिटांसाठी दाणे दुप्पट करायला एका मुलीला सांगितलं. दोन, चार, आठ. एका तासाचे आठ. दोन तासांचे चौसष्ट मोजून झाले. तीन तासांचे 512 मोजायला घेतल्यावर बायाच म्हणाल्या, राहू द्या. मॅडमनी पुढचं नुसतं सांगितलं, चार तासांचे 4096, सहा तासांचे दोन लाख बासष्ट हजारांवर. सुरुवातीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास सारखे नसतात, हे त्या थाळीने जेवढं पटवलं तेवढं शब्दांनी पटलं नसतं. त्यावरूनच त्यांनी नियम सांगितला. ओलं शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत खाल्लेलं उत्तम, चार तासांच्या पुढे बाहेर राहिलेलं खायचं नाही.

मागून एक आजी म्हणाल्या, “मंग आमी लहानपणापासून रातचा भात पाण्यात घालून सकाळी कांद्यासंग खात आलो, आमाले काऊन काही नाही झालं?”

मला वाटतं सभेचा खरा निर्णायक क्षण हाच होता. इथे ‘ते चुकीचं होतं’ असं उत्तर आलं असतं, तर सभा तिथेच संपली असती. मॅडम म्हणाल्या, “आजी, पाण्यात घातलेला भात रातभर आंबतो ना? आंबट झालं की या जंतूची वाढ अडते. शिवाय तुम्ही तो सकाळी उठल्याबरोबर खायच्या. आताचा भात आंबत नाही, कोरडाच राहतो, आणि खाल्ला जातो दुपारी एकला.” पण त्याच दमात त्यांनी हेही सांगितलं, की आंबायला वेळ लागतो. भात किती गरम असताना पाणी घातलं, पाणी कसं होतं, यावर ते अवलंबून असतं, म्हणून लहान पोरांना आणि पोटुशी बाईला तो देऊ नये. आणि दुपारी ताक घालून कालवलं म्हणून आधी तयार झालेलं विष जात नाही.

मग ओल्या फडक्याचा प्रश्न आला. मॅडमनी थर्मामीटर हवेत धरला, 29. त्याच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळून पंख्याखाली धरला, पाच मिनिटांनी 27. “मे महिन्यात याच चिंधीने पंधरा अंशांवर फरक पडतो,” त्या म्हणाल्या. भांडं पाण्याच्या परातीत ठेवण्याला मात्र त्यांनी नाही म्हटलं नाही. गरम वरण लवकर निववायला ती पद्धत चांगली आहे, फ्रीजमध्ये ठेवायच्या आधी तर जरूर करावी. पण निवलेलं वरण त्याच परातीत रातभर ठेवून ते टिकेल, असं नाही.

सर्वांत अवघड प्रश्न एका तरुण बाईचा होता. तिच्याकडे सिलिंडर असतो, पण भरायला परवडत नाही म्हणून चूल चालते. पावसात सरपण ओलं असतं, चूल दिवसातून एकदाच नीट पेटते, आणि ती संध्याकाळी. “मंग भात फेकाव का मी?”

याला तयार उत्तर नव्हतं, तिथे बसलेल्या सगळ्यांनी मिळून ते काढलं. संध्याकाळच्या त्याच जाळावर भात रातीच्या जेवणापुरताच टाकायचा आणि दुसऱ्या दिवशीसाठी भाकरी किंवा पोळ्या करून ठेवायच्या. भाकरीत पाणी कमी, तिच्यावर हे जंतू भातासारखे फोफावत नाहीत. तिला पावसाळ्यात बुरशी धरते, पण ती दिसते, आणि एका रातीत सहसा येत नाही. मात्र गरम भाकऱ्या एकावर एक रचून लगेच बंद केल्या तर वाफेचं पाणी सुटतं आणि त्या चिकट होतात. त्या आधी सुट्या पसरून निववायच्या आणि मग कोरड्या फडक्यात बांधायच्या. सोबत जवसाची किंवा लसणाची कोरडी चटणी, लोणचं. वरण आणि रस्सा डब्यात नाही.

ज्यांच्याकडे सकाळी गॅस असतो त्यांच्यासाठी आशाताईंनी एक साधी गोष्ट सुचवली. डबा उलट्या क्रमाने खायचा. साडेसहाला केलेला भात-भाजी नऊच्या चहाला खायची, म्हणजे अडीच तासांच्या आत, आणि दुपारी एकला भाकरी. तेवढंच अन्न, तेवढाच डबा, फक्त आधी काय आणि मागून काय एवढाच फरक.

शेवटी हातांचा मुद्दा आला. रोवणीत बोटांना चिरा पडतात, चिखल्या होतात. अशा जखमेतला स्टॅफिलोकोकस नावाचा जिवाणू अन्नात गेला आणि अन्न कोमट राहिलं, तर तोही विष करतो आणि तेही गरम करून जात नाही. म्हणून बोटाला जखम असेल त्या दिवशी डब्यासाठीचं काहीही हाताने कालवायचं नाही, पळी वापरायची.

आजारी पडल्यावर काय करायचं हे आशाताईंनी दोन मिनिटांत सांगितलं. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, घोट घोट. पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, शौचात रक्त असेल, लघवी बंद झाली असेल किंवा पोर मलूल पडलं असेल, तर घरी थांबायचं नाही.

पुढे काय झालं

सभेत आणखी एक गोष्ट ठरली होती. गंजाच्या झाकणावर खडूने उतरवल्याची वेळ लिहायची. ती फार टिकली नाही. दोन आठवड्यांनी मी घरोघरी गेले तेव्हा झाकणांवर जुन्याच वेळा होत्या. वाफेने खडू पुसतो, आणि सकाळच्या घाईत घड्याळ बघून लिहायला कुणाला सवड नसते.

टिकलं ते डब्याचा क्रम बदलणं. आशाताईंनी पाहिलेल्या टोळ्यांत बऱ्याच जणी नऊच्या चहाबरोबर भात खाऊ लागल्या होत्या. कारण आरोग्यापेक्षा वेगळंच सांगितलं गेलं. तेव्हा भात मऊ असतो, दुपारी कडक होतो. चुलीवरच्या त्या तरुण बाईने रातीचा भात मोजून टाकायला सुरुवात केली, पण पहिल्याच आठवड्यात दोनदा पाहुणे आले, भात कमी पडला आणि सासूबाईंचं बोलणं खावं लागलं. ती आता थोडा जास्त टाकते आणि उरलेला रात्रीच कुत्र्याला किंवा कोंबड्यांना घालते. सासूबाईंना हे अजूनही पटलेलं नाही.

त्या रोवणीच्या उरलेल्या दिवसांत टोळीत तशा उलट्या पुन्हा झाल्या नाहीत. पण हा सभेचाच परिणाम, असं एवढ्यावरून म्हणता येणार नाही. अशी विषबाधा रोज होत नाही आणि कित्येकदा सौम्य असल्याने कुणाला कळतही नाही.

एक घर मात्र चुकीच्या दिशेने गेलं. त्यांनी मोठा भात परातीत पसरून निववला, चांगला गार केला, मग डब्यात भरून रातभर फळीवर ठेवला. परातीचा प्रयोग पाहून त्यांची समजूत झाली की निववला म्हणजे टिकला. खरं तर पसरून निववणं ही फक्त फ्रीजमध्ये जाण्याआधीची पायरी आहे. 29 अंशांवर आलेला भात फळीवर ठेवला तर वाढ थोडी मंद होते, थांबत नाही. मॅडमनी हे तोंडी सांगितलं होतं, पण डोळ्यांपुढे दोनच भांडी होती, एक वाईट आणि एक चांगलं.

पुढच्या वेळी वेगळं काय

त्या दोन भांड्यांशेजारी तिसरं ठेवावं लागेल. आदल्या दिवशी पसरून निववलेला आणि रातभर फळीवर राहिलेला भात. तो दिसायला स्वच्छ असतो, वासही येत नाही, आणि हेच दाखवायचं आहे. तो कुणी चाखणार नाही याची काळजी घेऊन, सभा संपल्यावर सगळ्यांसमोर टाकून द्यायचा.

सभा जुलैच्या मध्यात झाली तेव्हा रोवणी अर्धी उरकली होती. ती मृगाच्या आसपास, पऱ्हे टाकायच्या दिवसांत व्हायला हवी. तेव्हा घरात सवड असते, आणि दुपारच्या डब्यासाठी जवसाची चटणी किंवा कोरडं तिखट आधी करून ठेवता येतं. खडूऐवजी वेळेची खूण म्हणून गावातलीच एखादी ठरलेली वेळ धरावी, असं अध्यक्षांनी सुचवलं आहे. उदाहरणार्थ, सकाळची शाळेची घंटा झाली की भाताचा डबा उघडायचा.

सासूबाईंना वेगळं बोलवायला हवं. गंजात किती तांदूळ टाकायचा हे बहुतेक घरांत सून ठरवत नाही, आणि सभेला आलेल्या जवळजवळ सगळ्या सुना होत्या. पाण्यात घातलेल्या भाताचा प्रश्न विचारणाऱ्या आजींनाच त्या वेळी पुढे बसवायचं ठरलं आहे.

आणि मालकांशी बोलावं लागेल. नऊला चहाची सुट्टी दहा मिनिटांची असते, तेवढ्यात चिखलाचे हात धुऊन भात खाऊन होत नाही. सुट्टी वीस मिनिटांची केली आणि बांधावर हात धुवायला साबण आणि पाण्याची बादली ठेवली, तर डब्याचा क्रम बदलणं सगळ्यांना जमेल. टोळी ठरवताना मजुरीचा भाव ठरतो, त्याच बैठकीत हे मागायचं, असं यंदाच्या ग्रामसंघाच्या नोंदवहीत लिहून ठेवलं आहे. दोन मालकांनी तोंडी होकार दिला आहे.